लिलावाची जाहिरात छापून आली त्या दिवशी काय संपते?

माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



वसईच्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखानदारांचे हिशेब मी पाहतो. गाळा तारण ठेवून कर्ज काढणारे बहुतेक जण सरफेसी कायद्याचे नाव पहिली नोटीस हातात पडते तेव्हाच ऐकतात. या कायद्यातल्या एका तारखेबद्दल हे पत्र आहे.

गाळ्याची मूळ कागदपत्रे बँकेत जमा केली की गहाण पुरे होते. पुढे हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले आणि खाते एनपीए झाले, की कोर्टात दावा न लावता बँकेला वसुली करता येते. बँकेचाच प्राधिकृत अधिकारी ६० दिवसांची मागणी नोटीस काढतो. कर्जदाराने आक्षेप घेतला, तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. ६० दिवस उलटले की ताबा नोटीस गाळ्याच्या दारावर चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांची मदत घेऊ शकते, पण ते कर्जाचा वाद ऐकत नाहीत. कागद तपासून ताबा मिळवून देतात. दिवाणी न्यायालयाची वाट कायद्यानेच बंद आहे. कर्जदाराला दाद मागायची तर कर्जवसुली न्यायाधिकरणात, तीही ४५ दिवसांच्या आत.

इथवर बहुतेकांना कोणीतरी वकील समजावून सांगतो. अडचण त्यापुढे आहे.

एक नमुना घ्या. फॅब्रिकेशनच्या गाळ्यावर ५८ लाखांची थकबाकी आहे. मागणी नोटीस १० एप्रिलची, ताबा नोटीस २० जूनची. १ ऑगस्टला लिलावाची जाहिरात येते, लिलाव ४ सप्टेंबरला. मालक ही जाहिरात वाचतो आणि मनाशी म्हणतो, अजून महिना हातात आहे. गावची जमीन विकून, मेव्हण्याकडून उसने घेऊन तो २५ ऑगस्टला सगळी रक्कम घेऊन शाखेत जातो. पण पैसे भरून गाळा सोडवून घेण्याचा त्याचा हक्क १ ऑगस्टलाच संपलेला असतो. आता पैसे घ्यायचे की नाही, हे बँकेच्या मर्जीवर.

२०१६ च्या दुरुस्तीआधी हा हक्क विक्रीच्या तारखेपर्यंत टिकत असे. आता तो लिलावाची जाहीर सूचना निघेपर्यंतच टिकतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाफना मोटर्सच्या प्रकरणात हे ठामपणे सांगितले. तिथे लिलावातली बोली सुमारे १०५ कोटींची होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने कर्जदाराला १२९ कोटी भरून मालमत्ता सोडवण्याची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून मालमत्ता लिलावात घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला.

यामागचे कारण मला पटते. ऐनवेळी मालक पैसे आणून लिलाव मोडणार असेल, तर बोली लावायला कोण येईल? बोलीदार आले नाहीत की गाळ्याची किंमत पडते, आणि त्याचा फटका शेवटी कर्जदारालाच बसतो. कारण लिलावातून कर्ज फिटले नाही तर उरलेली रक्कम बँक त्याच्याकडून वसूल करू शकते. म्हणून मुदत वाढवा असे मी म्हणत नाही. मुदत कधी संपते, ते आधी सांगा, एवढीच मागणी आहे.

आजची पद्धत उलटी आहे. मागणी नोटिशीत थकबाकी आणि ६० दिवस असतात. ताबा नोटिशीत सोडवणुकीच्या हक्काचा उल्लेख असतो, पण तो कलमाचा आकडा देऊन एका ओळीत आटोपतो. जाहिरातीत लिलावाची तारीख ठळक टाइपात, राखीव किंमत त्याहून ठळक. त्यामुळे लिलावाची तारीख हीच शेवटची तारीख, असे कोणाही शहाण्या माणसाला वाटणार. जी तारीख खरोखर महत्त्वाची, ती मात्र बँकेखेरीज कोणालाच आधी ठाऊक नसते, कारण जाहिरात कधी द्यायची ते बँकच ठरवते.

कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे, पण बँकांना निर्देश देणे आपल्या हाती आहे. जाहिरात देण्याच्या किमान १५ दिवस आधी कर्जदाराला आणि जामीनदाराला मराठीत स्वतंत्र पत्र जावे. त्यात त्या दिवशीची पूर्ण देय रक्कम, जाहिरातीची नियोजित तारीख आणि ‘या तारखेनंतर मालमत्ता सोडवण्याचा आपला हक्क राहणार नाही’ हे वाक्य असावे. हेच वाक्य कर्जमंजुरीच्या पत्रातही असावे आणि त्याखाली कर्जदाराची वेगळी सही घ्यावी.

याने बँकेची वसुली फार तर पंधरवडाभर लांबेल. पण जो पैसे उभे करू शकतो, तो ते वेळेत आणेल आणि बँकेचा लिलावाचा खर्चही वाचेल. ज्याच्याकडे पैसेच नाहीत, त्याचा लिलाव ठरल्याप्रमाणे होईलच.

आपला,
वसईतील एक कर सल्लागार