पहिले कोडे लहान असावे
(कोडे-मंडळाच्या प्रथम सभेत नव्या सभासदांपुढे मंडळाच्या चिटणीसाने केलेले भाषण)



मंडळाच्या वतीने तुमचे स्वागत करताना आरंभीच एक कबुली देणे मला अवश्य वाटते. गतवर्षी याच खोलीत तुमच्यासारखेच नवे सभासद बसले होते. त्यांच्यावर छाप पाडावी म्हणून आम्ही जुन्या मंडळींनी आपापली अवघडातली अवघड कोडी बाहेर काढली आणि ती कोणास सुटेनात, तेव्हा मोठ्या ऐटीत उत्तरे सांगून टाकली. दिवाळीच्या सुटीनंतर त्यांच्यापैकी निम्मेही मंडळात परतले नाहीत. तो दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता, आमच्या रीतीचा होता. नवख्यास लहान कोडे द्यावे आणि त्याचे उत्तर मात्र कदापि सांगू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ते का, हे दोन खेळांच्या आधारे तुमच्यापुढे मांडतो.

पहिला खेळ काड्यांचा. एकवीस काड्या मांडावयाच्या. दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन काड्या उचलावयाच्या. शेवटची काडी जो उचलील तो जिंकला. आमच्यातील एका मित्रास याची युक्ती कोणीतरी सांगितली होती : ‘आपण प्रथम खेळावे, एक काडी उचलावी आणि पुढे समोरच्याने उचललेल्या व आपण उचललेल्या काड्या मिळून नेहमी चार होतील असे करावे.’ युक्ती खरी आहे. तिच्या बळावर तो प्रत्येक डाव जिंके आणि आम्ही त्यास पंडित समजत असू.

एके दिवशी सातवीतील एका मुलीने त्यास सहज म्हटले, “दादा, आज शेवटची काडी उचलील तो हरला असे धरू या का?” त्याने होकार दिला आणि सवयीप्रमाणे एक काडी उचलली. वीस उरल्या. तिने तीन उचलून सतरा ठेवल्या. त्याने दोन उचलल्या. तिने दोन उचलून तेरा ठेवल्या. त्याने तीन उचलल्या. तिने एकच उचलून नऊ ठेवल्या. त्याने एक, तिने तीन, उरल्या पाच. त्याने दोन, तिनेही दोन; आणि उरलेली एकुलती एक काडी त्याच्या पदरी पडली! नियमातील एक शब्द बदलताच पंडिताचे पांडित्य संपले होते.

त्या मुलीस कोणी युक्ती शिकविली नव्हती. तिने घरी खेळ लहान करून पाहिला होता. एकवीस काड्यांचा विचार मनात मावत नाही, परंतु एका काडीचा मावतो. शेवटची काडी उचलणारा हरतो, तर एकच काडी असताना ज्याची पाळी तो हरला. दोन, तीन किंवा चार असताना ज्याची पाळी आहे त्याने एकच काडी शिल्लक ठेवावी, म्हणजे तो जिंकला. पाच असताना मात्र काहीही उचलले तरी समोरच्यापुढे चार, तीन किंवा दोनच काड्या राहतात. म्हणून पाच ही हरण्याची जागा. याच रीतीने पुढे नऊ, तेरा, सतरा आणि एकवीस. म्हणजे या नियमाने आरंभ करणाराच हरतो, मग तो कितीही हुशार असो. समोरच्याने चूक केली तरच तो वाचेल. मूळच्या नियमात हरण्याच्या जागा चार, आठ, बारा, सोळा आणि वीस अशा येतात. म्हणूनच तेथे एक काडी उचलून वीस ठेवणे शहाणपणाचे ठरते. हे स्वतः मांडून पाहिलेल्यास नियम बदलल्याचे भय उरत नाही. आपणांस खेळ कळला की नुसता पाठ झाला, हे ओळखण्याची कसोटीही सोपी आहे : तीनऐवजी चारपर्यंत काड्या उचलण्याची मुभा दिली तर काय होईल, हे कोणास न विचारता काढता येते का, ते पाहावे.

दुसरा खेळ मनोऱ्याचा. हा एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली प्रसिद्ध केला. त्याकरिता विकतचे खेळणे नको. लहान, मध्यम आणि मोठे अशी तीन पुस्तके पुरेत. जमिनीवर खडूने तीन चौकोन काढावे. पहिल्या चौकोनात पुस्तके उतरत्या आकाराने रचावी, मोठे तळाशी. एका वेळी एकच पुस्तक हलवून सारा ढीग तिसऱ्या चौकोनात न्यावयाचा, आणि लहानावर मोठे कधीही ठेवावयाचे नाही.

येथेही नवखा गोंधळतो तो पहिल्याच चालीत. लहान पुस्तक त्याने मधल्या चौकोनात ठेवले, की पुढे मोठे पुस्तक मोकळे होते. परंतु ज्या तिसऱ्या चौकोनात ते जावयाचे, तेथेच दोन पुस्तके ठाण मांडून बसलेली असतात. असे दिसले की समजावे, आरंभ चुकला. लहान पुस्तक प्रथम तिसऱ्या चौकोनातच जावयास हवे. पण हेच पाठ करून कोणी चार पुस्तके घेतली, तर तो पुन्हा फसतो, कारण तेव्हा पहिली चाल मधल्या चौकोनात करावी लागते!

उपाय तोच : लहान करून पाहणे. मोठे पुस्तक हलवावयाचे तर वरची दोन अगोदर मधल्या चौकोनात गेली पाहिजेत. दोन पुस्तके नेण्यास तीन चाली लागतात. मग मोठ्याची एक, आणि ती दोन पुन्हा त्याच्यावर आणण्यास तीन, मिळून सात. चार पुस्तकांस सात, एक आणि सात, म्हणजे पंधरा. प्रत्येक नव्या पुस्तकागणिक चाली दुप्पट होऊन वर एक वाढते. या खेळाशी जोडलेल्या कथेत चौसष्ट चकत्यांचा मनोरा आहे. दर सेकंदास एक चाल केली, तर तो हलविण्यास सुमारे ५८,५०० कोटी वर्षे लागतील! तीन पुस्तकांशी खेळलेल्या मुलास ही संख्या कोठून आली हे कळते. केवळ ऐकणाऱ्यास ती गोष्टीतील राक्षसासारखी वाटते.

आमचे काही मित्र म्हणतात, उत्तर सांगितले नाही तर नवी मुले कंटाळून जातील. कंटाळा येतो ही गोष्ट खरी. पण गतवर्षी आम्ही सर्व उत्तरे सांगितली होती, तरीही मुले गेलीच. अडलेल्या मुलास मदत करू नये असे माझे म्हणणे नाही. त्याला उत्तराऐवजी लहान कोडे द्यावे. एकवीस काड्या जमत नसतील तर पाच मांडाव्या. तीन पुस्तके जमत नसतील तर वरचे एक काढून घ्यावे. इतकी मदत केली, की उरलेली वाट त्याची त्यास सापडते, आणि ती त्याचीच राहते.

म्हणून यंदा मंडळात एक नियम राहील. जुन्या सभासदाने नव्यास उत्तर सांगितले, तर त्या दिवशी त्याने फळा पुसावयाचा आणि काड्या मोजून पेटीत भरावयाच्या. हा नियम प्रथम मला लागू आहे. येत्या शनिवारी प्रत्येकाने एकवीस काड्या आणि लहानमोठी तीन पुस्तके आणावी. आज हरण्यास कोणी लाजू नये. हरलेला डाव वहीत लिहून ठेवावा, कारण हरण्याच्या जागा त्यातच सापडतात.