गहाण सोनं, सुटलेलं सोनं

जूनमध्ये प्रवेशाची यादी लागते आणि घराघरांत कपाटातली डबी उघडते. म्हणून या शैक्षणिक अंकाची सुरुवात आम्ही एका कथेने करत आहोत. लेकीच्या फीसाठी बायकोच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवणाऱ्या बापाची ही कथा.

गहाणाच्या कथा बहुधा लिलावाशी संपतात. ही तशी संपत नाही, आणि त्याचं कारण नशीब नाही. बापाने महिना एक टक्का व्याजाने 80,000 रुपये उचललेले. मुदत वर्षाची, तोवर हप्ता नाही. इथेच अनेकजण फसतात: व्याज साचतं, मुदत टळते, नोटीस येते. हा मात्र नोव्हेंबरात सोयाबीन विकून पाच महिन्यांचं 4,000 व्याज आणि 50,000 मुद्दल भरतो. उरलेल्या 30,000 वर मार्चपर्यंत व्याज होतं फक्त 1,200. हरभरा विकून तो पाटल्या सोडवतो, पावतीवरचं वजन ताडून घेतो. वर्षभर थांबला असता, तर व्याजच 9,600 झालं असतं.

लेकीला हे कळू द्यावं का, यावर कथेतल्या नवराबायकोचं एकमत नाही. आमच्या मते कळायला हवं. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.