सकाळच्या साखरेवर दुपारचा निकाल लावू नका!

स्पष्टच लिहितो, राग आला तरी चालेल.

मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना म्युकरची नोंद बंधनकारक करायला सांगितलं, तेव्हा स्टेरॉइड आणि बेलगाम साखर ही जोडी कोल्हापुरात गल्लोगल्ली चर्चेत होती. लाट ओसरली, चर्चाही संपली. पण दमा, संधिवात, किडनीच्या आजारासाठी प्रेडनिसोलोन आजही दिलं जातं, आणि साखर मात्र बऱ्याच ठिकाणी अजून उपाशीपोटीचीच बघितली जाते. हे चुकीचं आहे.

सकाळी 8 ला गोळी घेतली की तिचा जोर साधारण 4 ते 8 तासांनी चढतो. लिव्हर जादा साखर सोडतं, स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, वर दुपारचं जेवण. म्हणून साखर दुपारपासून संध्याकाळपर्यंत भडकते आणि रात्री उतरते. पहाटे सगळं शांत!

गडहिंग्लजकडचे एक काका धरा. वजन 60 किलो, रोज सकाळी 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. उपाशीपोटी 108, म्हणजे "काका, उत्तम!" तेच काका संध्याकाळी 5 ला तपासले तर 340. तहान, रात्रीची लघवी, थकवा हे सगळं 'वयामुळं' म्हणून खपवलेलं.

आता दुसरी चूक. 340 बघून कुणी रात्रीचं ग्लार्जिन वाढवतं. त्याचा जोर पहाटेही राहतो, पण तोवर स्टेरॉइड उतरलेलं असतं. 3 वाजता काका घामाघूम, साखर 55.

इन्सुलिन गोळीच्या चालीनं चालायला पाहिजे. एनपीएच, ते दुधाळ दिसणारं, सकाळी गोळीसोबतच दिलं तर त्याचाही जोर दुपारीच येतो. प्रचलित हिशोब असा: दर 10 मिलिग्रॅमला किलोमागे 0.1 युनिट, जास्तीत जास्त 0.4. काकांचे 24 युनिट होतात. वय जास्त किंवा किडनी कमजोर असेल तर कमीपासून सुरुवात. गोळी 40 वरून 20 वर आली की इन्सुलिनही उतरवायचं. हे विसरलं की साखर कोसळते. डेक्सामेथासोनला मात्र हा हिशोब लावू नका. त्याचा अंमल दीड दिवस राहतो, उपाशीपोटीची साखरही वाढते.

"गावाकडचा पेशंट 5 ला परत कसा येणार? एस.टी. कोण थांबवणार?" असं विचारतील. बरोबर आहे. मग ओपीडीला बोलवू नका, ग्लुकोमीटर गावात वापरा. दिवसाला एकच पट्टी परवडत असेल तर ती रात्रीच्या जेवणाआधी वापरा.

मागणी एवढीच: प्रेडनिसोलोन लिहिलेल्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर 'संध्याकाळची साखर' हा रकाना हवा. आणि मंडळी, स्वतःहून गोळी बंद करू नका, डोस बदलू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा, "साहेब, माझी साखर किती वाजता बघायची?"