कात्री कुठे लावावी?

ताटलीतल्या रंगीत पाण्यात पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते, पेल्यात पाणी चढते. मुलांसाठी दोन मिनिटांची चित्रफीत जुळवताना मी या चित्रणाला कात्री लावली. आधी ज्योत, की लगेच चढलेले पाणी, आणि वर अक्षरे: ‘प्राणवायू संपला, पाणी चढले’.

मूळ चित्रण पुन्हा सावकाश पाहिले आणि ओशाळलो. पेला ठेवताच काठाखालून बुडबुडे निघत होते. तापलेली हवा फुगून बाहेर पडत होती. पाणी भराभर चढले ते ज्योत विझल्यावर, आतली हवा निवताना. प्राणवायू संपत गेल्याने ते चढत असते, तर ज्योत जळत असतानाच चढत गेले असते. शिवाय ज्योत विझते तेव्हाही आत बराच प्राणवायू शिल्लक असतो.

आता तो तुकडा मी अखंड ठेवला आहे. ‘बुडबुडे पाहा’, ‘ज्योत विझली’, ‘आता पाणी चढते’: एका वेळी एकच ओळ, पेल्याला न झाकणारी, मुलाला दोनदा वाचता येईल इतका वेळ. पाणी चढताना निवेदन बंद; कारण शेवटी. संथ चित्रफितीला मुले कंटाळतात म्हणे. पण मी कापलेले ते चार क्षण हाच तर पुरावा होता!