कॅमेरा मान कशी वळवतो?

चौकातल्या खांबावरचा फिरता कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. त्याची मोटार एकदम पूर्ण वेगाने सुटली, तर चित्राला हिसका बसतो. एकदम थांबली, तर कॅमेरा नेमक्या जागेच्या पुढे जातो आणि डुलत मागे येतो. खरी मेख थांबण्यातच आहे.

समजा, ९० अंश वळायचे आहे आणि कमाल वेग सेकंदाला ३० अंश आहे. शून्यापासून हा वेग एका सेकंदात हळूहळू चढवला, तर सरासरी १५ पडते, म्हणजे तेवढ्यात १५ अंश कापले जातात. वेग तसाच उतरवायलाही १५ लागतात. म्हणून १५ अंश उरले की लगेच वेग कमी करायला लागायचे. मधले ६० अंश दोन सेकंदांत; एकूण चार सेकंद.

पण वळण २० अंशांचेच असेल तर? मग कमाल वेग गाठायला सवडच नाही. निम्म्या वाटेवर, दहाव्या अंशालाच, उतार सुरू करावा लागतो. तेव्हा वेग असतो जेमतेम साडेचोवीस.

आणखी एक गंमत. ३५० अंशांवरून १० वर जायचे, तर साधी वजाबाकी ३४० सांगते आणि कॅमेरा उलटा गरगर फिरतो. जवळची वाट फक्त २० अंशांची असते. मात्र आतली तार पिळली जाणार असेल, तर लांबचीच वाट धरावी लागते.