“आपली हाडंच बुटकी” म्हणत हात झटकणाऱ्यांसाठी

मंडळी, कुपोषणाची बातमी टाकली की खाली एक कमेंट ठरलेली असते: “अहो, आपल्या लोकांची हाडंच बुटकी. युरोपवाल्यांशी बरोबरी कशी होणार?”

हे फक्त कट्ट्यावरचे लोक म्हणत नाहीत. २०१३ साली अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनीही मांडलं होतं की भारतीय मुलांची कमी उंची आनुवंशिक असू शकते, त्यामुळे जगभर एकच पट्टी लावणं चूक आहे.

मग ती पट्टी आली कुठून ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीच्या सुस्थितीतल्या घरांमधली होती. अंगावरचं दूध, पुरेसं अन्न, स्वच्छता, वेळेवर उपचार हे सगळं मिळालेली. निकाल काय? पाच वर्षांपर्यंत सगळ्यांची वाढ जवळपास सारखीच. मुलामुलांतल्या उंचीच्या एकूण फरकात देशाचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. दिल्लीचं पोर नॉर्वेच्या पोराएवढंच वाढलं!

यावर हुशार मंडळी म्हणतात, “पण उंची ८० टक्के आनुवंशिक असते ना?” असते. पण तो आकडा एकाच समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, दोन देशांमधल्या फरकाचा नाही. ज्वारीची एकच पिशवी अर्धी बागायतीत पेरा, अर्धी कोरडवाहूत. एकाच वावरात ताटं कमी-जास्त झाली तर ते बियाण्यामुळे. पण दोन वावरांतला फरक पाण्याचा.

दक्षिण कोरियाच्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे १४२ वरून १६२ सेंटीमीटरवर गेली. वंश तोच राहिला, बदललं ताट आणि पाणी.

वंशाचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही. आजचे कोरियन पुरुष पोटभर खाऊनही डच पुरुषांपेक्षा सरासरी सात-आठ सेंटीमीटरने कमीच आहेत, आणि त्यातला काही भाग वंशाचा असेलही. पण तो हिशोब पोटं भरल्यावरचा.

आपल्याकडे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली. म्हणजे तिघांत एक! कारणं गरोदर आईच्या ताटात आहेत, पहिल्या दोन वर्षांच्या खाण्यात आहेत आणि घाण पाण्याने वारंवार होणाऱ्या जुलाबांत आहेत. तेव्हा राहिलेली उंची पुढे फारशी भरून निघत नाही.

पाच वर्षांच्या मुलाची मधली उंची ११० सेंटीमीटर, आणि साधारण १०१ च्या खाली तो खुजा. आपल्या अंगणवाडीत जा, नोंदवही मागा, आकडे बघा. आणि मग आजोबांच्या हाडांना दोष द्यायचा की गावच्या नळाला आणि पोषण आहाराला, ते ठरवा.