बनावट लाइट बिलापेक्षा भाडेकरार सोपा

नांदेडहून पुण्यात नोकरीसाठी आलेल्या तरुणाचीच गोष्ट घ्या. बँकेत आधीचे खाते आहे, पण पत्ता गावचा. बँक नवीन पत्त्याचा पुरावा मागते, भाड्याच्या खोलीचे लाइट बिल घरमालकाच्या नावावर. मग झेरॉक्सच्या दुकानात विचारणा होते : ‘बिलावर फक्त नाव बदलून मिळेल का?’ शहाणा दुकानदार नाही म्हणतो, आणि ते बरोबरच आहे.

कारण हे बिल तपासणे अगदी सोपे आहे. महावितरणच्या बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर टाकला की मूळ बिल आणि ग्राहकाचे नाव समोर येते. कागदावर एक नाव आणि पडद्यावर दुसरे दिसले की विषय पत्त्याचा राहत नाही. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज तयार करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बनावट कागद खरा म्हणून वापरणाऱ्यालाही कलम ३४० मध्ये तशीच शिक्षा आहे. म्हणजे दुकानदार आणि ग्राहक दोघेही अडकतात.

गंमत अशी, की या तरुणाला बिलाची गरज नसण्याचीच शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार जुन्या ग्राहकाचा फक्त पत्ता बदलला असेल, तर त्याचे स्वयंघोषणापत्र चालते. त्यानंतर दोन महिन्यांत बँक पत्र पाठवून किंवा माणूस पाठवून पत्त्याची खात्री करते. बँकेला हवे असल्यास ती कागदही मागू शकते. तिथे अडले, तर स्वतःच्या नावाचे पोस्टपेड मोबाइलचे किंवा पाइप गॅसचे बिल तात्पुरते कामी येते. ते दोन महिन्यांपेक्षा जुने नको आणि नवा पत्ता असलेले आधारसारखे ओळखपत्र तीन महिन्यांत द्यावे लागते. प्रीपेड रिचार्जची पावती मात्र उपयोगाची नाही.

पक्का उपाय म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार, ज्याला आपण लिव्ह अँड लायसन्स म्हणतो. महाराष्ट्रात तो ऑनलाइन नोंदवता येतो. त्यावर आधारमधला पत्ता बदलता येतो आणि आधार बदलले की बँकेचे काम आपोआप सोपे होते. नुसत्या नोटरी केलेल्या कराराच्या भरवशावर राहू नये. आधारसाठी नोंदणी झालेला करारच जोडावा.

खरी अडचण असते ती घरमालकाची. ‘नोंदणी कशाला, अकरा महिन्यांचा तर करार,’ असे तो म्हणतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाचीच आहे, मुदत कितीही असो. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बिलावरचे नाव बदलून मागण्यापेक्षा हे कलम मालकाला शांतपणे दाखवावे.